निळ्या वडीच्या चोपन्न पेट्या

दुकानात काम करणाऱ्या बाईजवळ दोन गोष्टी आपोआप साचतात. एक पिशव्यांना बांधायची सुतळी आणि दुसरे किस्से. सुतळी कामी येते. किस्से कोणाला सांगावे हा प्रश्नच असतो. घरी सांगितले तर सासूबाई म्हणतात, "तू पगार घ्यायले जाते का हसायले?" म्हणून इथं लिहून ठेवते. मी सातवीपर्यंतच शिकले आहे, तेव्हा शुद्धलेखनाकडे पाहू नका. हिशेब मात्र तपासून पाहा. तो बरोबर आहे.

आमचं दुकान गोंदियाच्या बाजारात, किराण्याचं ठोक. ठोक म्हटलं की लोकांना मोठी कोठी आठवते. आमचं तसं नाही. पुढे दहा फुटांचं काउंटर, मागे गोडाऊन, एक टेम्पो. तो चालवणारे लखनभाऊ, माल मोजणारी मी आणि गादीवर शेठ. एवढेच आम्ही. माल घेणारे खेड्यांतले दुकानदार. देवरी, सालेकसा, तिरोड्याच्या बाजूचे.

मला कामावर घेतलं ते साखर तोलायला. सहा महिन्यांत गोडाऊनमधली कोणती पेटी कुठं आहे हे मला झोपेतही सांगता येऊ लागलं. तसा माझा स्वभावच काळजीचा. गॅस बंद केला का, हे मी तीनदा पाहते. मुलगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का पाहते. लखनभाऊ म्हणायचे, "बाई, तुम्ही पोत्यायलेबी बोट लावून पाहता का?"

लावून पाहत होते! मोजणीच्या वेळी प्रत्येक पोत्याला बोट लावल्याशिवाय माझा आकडा पुढे सरकत नाही.

*

मोबाइलवर नेट स्वस्त झालं, ज्याच्या त्याच्या हातात टचवाला फोन आला, त्या वर्षीची गोष्ट. शेठचा एक भाचा नागपुरात कॉम्प्युटरचं काम करतो. त्यानं येऊन दुकानात कॉम्प्युटर बसवला आणि दुकानदारांच्या मोबाइलवर ऑर्डरचं ॲप टाकून दिलं. दुकानदारानं रात्री आपलं दुकान बंद केलं की ॲप उघडायचं, कोणती वस्तू किती पेट्या ते दाबायचं. सकाळी सहाला सगळ्या ऑर्डरची आपोआप बिलं निघतात. लखनभाऊ बिलं पाहून टेम्पो भरतात आणि सातला गाडी सुटते.

शेठला हे काही पटलं नव्हतं. "पहले आदमी का मुंह देखके माल देते थे," ते म्हणाले. "अब मशीन का मुंह देखो!"

कॉम्प्युटरवर बसायला कोणी मिळेना. एक शिकलेला मुलगा आला होता, पण त्याला गोडाऊनमध्ये पोहे कुठं आणि पोह्याचा चिवडा कुठं ते कळत नव्हतं. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, कॉम्प्युटर महिन्यात शिकता येतो. गोडाऊन शिकायला वर्ष लागतं. या बाईलाच बसवा."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. "सातवी पास?"

"हो."

"मैं पाँचवी. तू सीनियर हुई. बैठ!"

पगार तीन हजाराचा साडेचार झाला. पण शेठनं तेव्हाच एक गोष्ट सांगून ठेवली होती. दिवाळीपर्यंत पाहू. मशीननं फायदा दाखवला तर ठीक, नाही तर मशीन भंगारात. मशीन गेली की कॉम्प्युटरवाली बाई कशाला हवी? आणि साखर तोलायला तर तोवर दुसरी बाई लागली होती.

म्हणजे मशीनची नोकरी तीच माझी नोकरी. आम्ही दोघी एकदमच राहणार नाही तर एकदमच जाणार.

*

आता स्टॉकचा मेसेज काय असतो ते सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही.

प्रत्येक वस्तूला आम्ही एक किमान आकडा लावून ठेवतो. समजा मीठ. वीस पोत्यांच्या खाली गेलं की नवीन मागवायची वेळ झाली. रात्री दोन वाजता मशीन स्वतःच एक हिशेब करते. गोडाऊनमध्ये किती आहे, त्यातून रात्रीतून किती बुक झालं ते वजा. उरलेला आकडा किमान आकड्यापेक्षा कमी असला तर फोनवर मेसेज पाठवते. दुकानातला कॉम्प्युटर बंद असला तरी चालतं, कारण हा हिशेब नागपुरात भाच्याच्या कंपनीच्या मशीनवर होतो. सकाळी माल पुरवणाऱ्या कंपनीचा एजंट आला की आपल्याजवळ यादी तयार.

भाच्यानं मेसेजसाठी दोन नंबर टाकले. शेठचा आणि माझा.

पहिल्या आठवड्यातच रात्री दोनला माझा फोन वाजला. मुलगी दहा महिन्यांची, दात येऊन राहिले होते, मी जागीच होते. मेसेज पाहिला. मीठ, शिल्लक उणे चाळीस!

मी सरळ शेठला फोन लावला. "शेठ, मीठ उणे चाळीस पोती झालं!"

शेठ झोपेतच म्हणाले, "उणे चालीस मतलब क्या? समंदर को वापस देना है?"

सकाळी उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी मिठाची गाडी आली होती. लखनभाऊंनी माल उतरवून घेतला, पण आवक लिहायची राहिली होती. मशीनच्या लेखी मीठ आलंच नव्हतं आणि गेलं मात्र होतं. मशीन खोटं बोलत नव्हती. तिला आम्ही अर्धंच सांगितलं होतं.

शेठनं त्याच दिवशी मेसेजमधून आपला नंबर काढायला लावला. मला म्हणाले, "बाई, फिर कभी रात को उठाया और बात झूठी निकली, तो मशीन उसी दिन भंगार में. समझी?"

समजले. पुढं शेठ रात्री दहाला फोन बंद करूनच झोपू लागले.

भाच्यानं मात्र फोनवर नीट समजावलं. "ताई, मेसेज आला की घाबरू नका. तीन गोष्टी पाहा. माल आला तो लिहिला का? ऑर्डर कोणी दिली? भाव कोणता लागला? हे पाहून मग काय घाबरायचं ते घाबरा."

मी ते तीन प्रश्न कागदावर लिहून मुलीच्या पाळण्याला चिकटवले. सासूबाईंना वाटलं दृष्टीचा मंत्र आहे. त्या रोज त्याला हळदकुंकू लावू लागल्या!

*

आता निळी वडी. कपडे धुवायचा साबण आहे. खेड्यात तलावावर, नदीवर कपडे धुणाऱ्या बायांना दुसरा कोणताच चालत नाही. पेटी तीस वड्यांची. वडी आमच्याकडून दुकानदाराला नऊ रुपयाला पडते, म्हणून पेटी दोनशे सत्तर.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी संध्याकाळी सातला वडीची गाडी आली आणि पाहतो तर पेट्या दुप्पट मोठ्या. कंपनीनं पॅकिंग बदललं होतं. एका पेटीत साठ वड्या.

मी कॉम्प्युटरवर वडीचं पान उघडलं. तिथं दोन रकाने महत्त्वाचे असतात. एक, पेटीत नग किती. दुसरा, पेटीचा भाव. नग मी बदलू शकते. भावाला शेठचा पासवर्ड आहे, तो त्यांच्याशिवाय कोणालाच बदलता येत नाही. मीठप्रकरणानंतर मी आवक आधी लिहिते. तर साठ पेट्या आवक लिहिली, नगाच्या जागी तीस खोडून साठ केले. मशीननं बरोबर छत्तीसशे वड्या दाखवल्या.

"शेठ, भाव?" मी विचारलं.

शेठ गादीवरून न उठता म्हणाले, "भाव वही है. नौ रुपये. कंपनी ने एक पैसा नहीं बढ़ाया."

खरंच होतं. वडीचा भाव नऊच होता. शेठ बापाच्या काळापासून वडीवर भाव बोलतात. त्यांच्या तोंडात पेटीचा भाव येतच नाही. मशीनच्या रकान्यात मात्र पेटीचा भाव होता, दोनशे सत्तर. तो पाचशे चाळीस व्हायला पाहिजे होता.

मी म्हणणारच होते, "शेठ, पेटीचा..." आणि माझा फोन वाजला. सासूबाई. "पोरीनं काहीतरी गिळलन वं! लवकर ये!"

मी चप्पल उलटसुलट घालून पळाले. मुलीनं चण्याची डाळ गिळली होती. एक दाणा! पण त्या एका दाण्यापायी दोनशे सत्तर तसेच राहिले आणि ॲपवर चढले. निळी वडी, पेटी साठ नगांची, भाव दोनशे सत्तर.

*

रात्री दोनला मेसेज आला. निळी वडी. हातात छत्तीसशे. बुकिंग बत्तीसशे चाळीस. शिल्लक तीनशे साठ. किमान सहाशे.

मी आधी मुलीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू. मग पाळण्याच्या कागदाकडे पाहिलं.

पहिला प्रश्न, माल लिहिला का? लिहिला. मीच लिहिला.

दुसरा, ऑर्डर कोणी दिली? फोनवर ऑर्डरींची यादी उघडली. एका रात्रीत वडीच्या तीन-चार पेट्या जातात. आज चोपन्न! अकरा दुकानदार. आणि गंमत म्हणजे बहुतेकांनी फक्त वडीच घेतली होती. किराणावाल्याची ऑर्डर लांबलचक असते. डाळ, गूळ, बिस्कीट, मेणबत्ती आणि मधेच एक पेटी वडी. नुसता साबण कोण मागवतं? सगळं गाव एकाच दिवशी धुणं काढणार आहे का?

तिसरा, भाव. सालेकसाच्या काकूंची ऑर्डर उघडली. सहा पेट्या, सोळाशे वीस रुपये. सहा पेट्या म्हणजे तीनशे साठ वड्या. भागाकार मी बोटांवरच केला. वडी पडली साडेचार रुपयाला!

न्हाणीत जाऊन घरची वडी उचलून पाहिली. छापील किंमत दहा रुपये. नऊची वस्तू आम्ही साडेचारला देऊन राहिलो होतो.

मग नुकसान मोजलं. हिशेब असा. साठची पेटी शेठला पाचशे अठ्ठावीसला पडते. पाचशे चाळीसला विकली तर बारा रुपये सुटतात. दोनशे सत्तरला गेली तर दोनशे अठ्ठावन्न रुपये खड्ड्यात. एका पेटीचा खड्डा भरायला बावीस पेट्या विकाव्या लागतात. आणि इथं चोपन्न! चौदा हजाराला थोडे कमी. माझ्या तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त.

आणि शेठच्या घरची रीत अशी की बिल कटलं की बोल संपला. बिलावर जो भाव छापला तो दिला. मग आपली चूक असो की मशीनची. शेठच्या वडिलांनी एकदा गुळाची अख्खी गाडी अशीच दिली म्हणतात. बिलं सहाला कटणार होती. हातात चार तास.

एक काम फोनवरून होत होतं. वडीपुढचं विक्री बंद हे बटण मी दाबलं. आता नवीन कोणी मागवू शकत नव्हतं. पण झालेल्या ऑर्डरींचं काय? ऑर्डर दिली त्या वेळचा भाव त्या ऑर्डरीत तसाच धरून ठेवलेला असतो. आता पाचशे चाळीस केले तरी त्या चोपन्न पेट्या दोनशे सत्तरलाच कटतील. प्रत्येक ऑर्डर उघडून वडीच्या ओळीपुढे थांबवा असं करावं लागतं, आणि ते फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवरून.

शेठचा फोन बंद. भाच्याचाही बंद. नवरा मिलमध्ये रात्रपाळीला.

मी सासूबाईंना उठवलं. "माय, दुकानात जावं लागते."

"आता? कायले?"

"साबण अर्ध्या भावात चालला."

सासूबाई ताडकन उठून बसल्या. मला वाटलं रागावतात. म्हणाल्या, "आपल्यासाठी किती घेतला?"

*

दुकानाची दुसरी चावी लखनभाऊंकडे असते, ते आमच्या घरामागच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या दारावर थाप मारली तर ते खिडकीतून ओरडले, "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. चावी द्या!"

सुनेला रात्री एकटं पाठवायचं नाही म्हणून सासूबाई आल्या. मुलगी घरी एकटी कशी राहणार म्हणून मुलगी आली. चावी कोणाच्या हातात द्यायची नाही असा शेठचा हुकूम, म्हणून लखनभाऊ आले. टेम्पोत बसून सगळी वरात दुकानात पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही काही समजेना, ती भुंकायची सोडून नुसती पाहत होती.

कॉम्प्युटर सुरू केला. आमचा कॉम्प्युटर शेठसारखा आहे. उठवला तरी अर्धा तास गादीवरच असतो. तेवढ्यात सासूबाई गोडाऊनमध्ये गेल्या आणि निळ्या वडीच्या थप्पीवर मांडी घालून बसल्या.

"माय, तिथं काऊन बसल्या?"

"मले मशीन समजत नाही. पण माह्या खालून पेटी कोण नेते ते पाहतोच ना!"

एकेक ऑर्डर उघडली. वडीची ओळ शोधायची, थांबवा दाबायचं, सेव्ह करायचं, पुन्हा उघडून खरंच थांबली का पाहायचं. प्रत्येक ऑर्डर मी तीनदा पाहिली. लखनभाऊ मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते. "बाई, एकदा पाहिलं तर नाही चालत काय?" ते म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, एकदा न पाहिल्यानंच इथं आलो आपण."

बाकीचा माल, डाळ, गूळ, तो थांबवला नाही. फक्त वडी. कोणाच्या दुकानात सकाळी डाळ नाही पोचली तर त्याच्या गिऱ्हाइकाची काय चूक?

पाच वाजून दहा मिनिटांनी अकरावी ओळ थांबली. मग मुलगी झोपली. मग मी रडले. मग लखनभाऊंनी चहा केला.

*

मशीनमध्ये थांबवलं म्हणून माणसाला न सांगता थांबवायचं हे बरं नाही. खेड्यातला दुकानदार पहाटेच उठतो. साडेपाचपासून मी फोन लावायला बसले.

सालेकसाच्या काकू म्हणाल्या, "मले वाटलं दिवाळीची स्कीम होय! मी तं गावात सांगूनबी टाकलं वडी स्वस्त झाली म्हणून. आता बाया माह्या अंगावर येतील." मग स्वतःच हसल्या. "जाऊ दे. सांगतो, शेठले रात्री दानाचं सपन पडलं होतं, सकाळी जाग आली!"

तिरोड्याकडचे बिसेनकाका, देवळातले भजनी. त्यांच्या दोनच पेट्या होत्या. मी म्हटलं, "काका, चुकीचा भाव लागला होता, माफ करा."

"मले समजलंच होतं चूक आहे म्हणून," काका शांतपणे म्हणाले. "म्हणून दोनच सांगतल्या. पाप बेताचंच बरं."

एक जण चिडला. म्हणाला, ॲपवर भाव दाखवला तो द्या, नाही तर तुमचं ॲप काढून टाकतो. मी म्हटलं, "दादा, तुमच्या दुकानात कोणी नव्वदची वस्तू चुकून नऊला लावली आणि मी रात्रीतून सगळी उचलली तर?" तो म्हणाला, "मी तुम्हाले दुकानाबाहेर निंगूच देलो नसतो." मी म्हटलं, "मी तर तुमच्याशी गोड बोलून राहिले." मग वरमला. दोन पेट्या खऱ्या भावानं ठेवा म्हणाला.

शेवटचा फोन देवरीच्या परतेकीभाऊंना. त्यांची ऑर्डर सगळ्यांत मोठी, वीस पेट्या. त्यांचं दुकान बसस्टँडजवळ, माणूस सरळ. आजवर दोनाच्या वर तिसरी पेटी कधी घेतली नाही. मला तर त्यांचंच वाईट वाटलं होतं, हेही असे निघाले म्हणून.

"भाऊ, वीस पेट्या? तुम्हीसुद्धा?"

"बाई, माझ्या दोनच," ते म्हणाले. "मलेबी भाव पाहून नवल वाटलं, पण दोन तं मी नेहमीच घेतो. बाकी अठरा दुसऱ्याच्या आहेत, माझ्या नावावर."

"दुसऱ्या कोणाच्या?"

"काल साडेनऊले एका मोठ्या माणसाचा फोन आला. म्हणे, 'गोंदियात कोणी तरी वडीची साठची पेटी दोनशे सत्तरले देऊन राहिला, मोबाइलवर बातमी फिरून राहिली. कोण होय ते मले सांगू नको. बाजारातलाच कोणी असेल, नाव ऐकलं की उद्या त्याच्यासोबत पंगतीत जेवता येत नाही. तू तुझ्या नावावर माझ्यासाठी अठरा टाक. दिवाळं निघू दे त्याचं!'"

"अन् तुम्ही टाकल्या?"

"मी सांगायले गेलो, 'अहो पण हे दुकान तं...' तं म्हणे, 'नाव घेऊ नको म्हटलं ना!' अन् फोन बंद." एवढं बोलून परतेकीभाऊ हसायला लागले. असे हसले, असे हसले की खोकला लागला.

"हसता कायले, भाऊ? कोण माणूस ते तर सांगा!"

"नाही बाई. जबान देली आहे, नाव कोणाले सांगणार नाही म्हणून." पुन्हा खोकला. "तुमच्या शेठले माझा नमस्कार सांगा. सांगजा बरं नक्की!"

जबान दिली म्हटल्यावर मीही ठरवलं, दोन कोणाच्या आणि बाकीच्या कोणाच्या ही गोष्ट आपल्या तोंडून निघू द्यायची नाही. तसंही मला त्यातलं अर्धंच समजलं होतं.

*

सहाला बिलं निघाली. वडी एकाही बिलावर नव्हती. साडेसहाला शेठ आले. दारात टेम्पो, काउंटरवर झोपलेली मुलगी, थप्पीवर सासूबाई. शेठ उंबऱ्यावरच थांबले.

"ये क्या है? धर्मशाला?"

मी रात्रीचा मेसेज दाखवला. नगाचा रकाना, भावाचा रकाना. साठ आणि दोनशे सत्तर. शेठनं चष्मा लावून स्वतः भागाकार केला. पुन्हा केला. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "मैंने बोला था भाव वही है."

"हो शेठ. अन् मी पुढं विचारायचं राहिले."

"बिल कटा?"

"एकही नाही."

शेठ गादीवर बसले. घटाघट पाणी प्यायले. पासवर्ड टाकून स्वतःच्या हातानं पाचशे चाळीस केले. मग लखनभाऊंना म्हणाले, "मशीन के ऊपर कपड़ा डाल. धूल बैठती है." एवढंच. पण मशीनवर कपडा टाकायचा म्हणजे मशीन दिवाळीनंतरही राहणार. मी आणि लखनभाऊंनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाई थप्पीवरून उतरल्या.

पाणी पोटात गेलं तसा शेठना जोर आला. "लेकिन देखो तो, कैसे लोग हैं! बीस बीस साल का नाता है. गलत भाव दिखा तो एक फोन नहीं किया. सीधा लूटने बैठ गए! ईमान नाम की चीज है कि नहीं?" आवाज चढला. "आज से जो सबसे ज्यादा लालची है, उसका माल बंद! बता, सबसे ज्यादा किसने डाला?"

"देवरीवाले परतेकीभाऊ," मी म्हटलं. "वीस पेट्या. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे."

शेठचा हात हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग बराच वेळ स्वतःच्या मोबाइलकडे. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "उसकी दो रहने दे. अठारह काट."